रिकाम्या हॉलमधलं व्याख्यान घुमतंय: माईक कुठे लावायचा, गाद्या कुठे उभ्या करायच्या

प्रश्न: सोलापूरला एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये आमच्या सरांचं दीड तासाचं व्याख्यान रेकॉर्ड केलं. श्रोते नव्हते, फक्त आम्ही तिघं. हॉल साठ बाय चाळीस फूट, छत सोळा-सतरा फुटांवर, खाली शहाबादी फरशी. मोबाइल ट्रायपॉडवर दहा फुटांवर होता, आणि हॉलचा माईकही चालूच होता. आता ऐकताना सर विहिरीत उभं राहून बोलतायत असं वाटतं. ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन करून पाहिलं, आवाज आणखी बिघडला. हे दुरुस्त होईल का? हॉल अर्धा दिवस पुन्हा मिळू शकतो. चार-पाच हजारांत काय करता येईल?

उत्तर:

पुन्हा रेकॉर्ड करा. जुन्या फाइलवर आठवडा घालवून जे हाती लागेल, त्यापेक्षा कितीतरी चांगला आवाज अर्ध्या दिवसात मिळेल, आणि खर्चही तुमच्या बजेटच्या निम्म्यात बसेल. पण हॉलमध्ये काय बदलायचं हे ठरवण्याआधी माईकला नेमकं काय ऐकू आलं ते बघू. नाहीतर हातून हमखास एकच गोष्ट होते: हॉलभर चादरी टांगल्या जातात आणि मोबाइल पुन्हा दहा फुटांवरच राहतो.

माईकपर्यंत दोन आवाज पोचतात. एक सरांच्या तोंडातून सरळ आलेला, त्याला थेट आवाज म्हणू. दुसरा भिंती, छत आणि फरशीवर आपटून सगळीकडून आलेला, म्हणजे घुमारा. थेट आवाज अंतराबरोबर झपाट्याने पडतो. अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने कमी होतो. घुमाऱ्याचं तसं नाही. तो हॉलभर जवळजवळ सारखा पसरलेला असतो, माईक दहा फुटांवर ठेवा नाहीतर चाळीस फुटांवर. म्हणून प्रत्येक हॉलमध्ये असं एक अंतर असतं, जिथे दोन्ही आवाज बरोबरीचे होतात. माईक त्या अंतराच्या आत हवा, आणि नुसता आत नाही, बराच आत.

तुमच्या हॉलसाठी हे अंतर काढता येतं. हॉल मीटरमध्ये साधारण १८ बाय १२ बाय ५, म्हणजे आकारमान १०८० घनमीटर. फरशी, छत आणि चारही भिंती मिळून पृष्ठभाग सुमारे ७३२ चौरस मीटर होतो. प्लास्टर, शहाबाद आणि स्लॅब यांच्यावर आदळणारा जवळजवळ सगळा आवाज परत येतो. दारं, खिडक्या आणि रचून ठेवलेल्या खुर्च्या धरल्या तरी सरासरी सहा टक्क्यांच्या आसपासच शोषला जातो. म्हणजे एकूण शोषण ४४ चौरस मीटर 'उघड्या खिडकी'इतकं, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. घुमारा किती वेळ टिकतो ते सांगणारं वॉलेस सेबिनचं सूत्र असं आहे, त्यात V म्हणजे आकारमान आणि A म्हणजे एकूण शोषण:

```
T = 0.161 × V / A
T = 0.161 × 1080 / 44 ≈ 4 सेकंद
```

टी म्हणजे आवाज थांबल्यावर घुमारा ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ. बोलण्याच्या खोलीत तो एका सेकंदाच्या आत असला तर कान सुखावतो; तुमच्याकडे चार सेकंद. हे अंदाजाने धरलेले आकडे आहेत, प्रत्यक्षात साडेतीन किंवा साडेचारही निघतील, पण निष्कर्ष तोच राहतो. ज्या अंतरावर थेट आवाज आणि घुमारा सारखे होतात ते अशा हॉलमध्ये एक मीटरच्या जवळपास येतं. तुमचा मोबाइल तीन मीटरवर होता. म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये घुमारा थेट आवाजापेक्षा सुमारे १० डेसिबलने मोठा आहे. हॉलचे स्पीकर चालू असल्यामुळे प्रत्यक्षात ते याहून वाईट असणार, कारण त्या पेट्या सरांचा आवाज उचलून सगळ्या हॉलवर ओतत होत्या.

याच सूत्रावरून आणखी एक कोडं सुटतं. लग्नात, कार्यक्रमात हाच हॉल बरा वाटतो. का? बसलेला एक माणूस अंगावरच्या कपड्यांसकट साधारण ०.४५ चौरस मीटर शोषण देतो. तीनशे माणसं बसली की १३५ चौरस मीटरची भर पडते आणि टी चार सेकंदांवरून एका सेकंदावर येतो. रिकामा हॉल आणि भरलेला हॉल या आवाजाच्या दृष्टीने दोन वेगळ्या इमारतीच आहेत. तीसेक ओळखीच्या लोकांना समोर बसवून हे भागेल का, असं वाटू शकतं. नाही भागणार: तीस जणांनी टी तीन सेकंदांच्या आसपास येतो, आणि खोकला, खुर्च्यांची खरखर, मोबाइल हे पदरात पडतं.

आता माईक सरांच्या छातीवर, हनुवटीपासून १५ ते २० सेंटिमीटर खाली आणा. तीन मीटरवरून वीस सेंटिमीटरवर येणं म्हणजे अंतर पंधरापट कमी होणं, आणि थेट आवाजात साडेतेवीस डेसिबलची वाढ. घुमारा होता तेवढाच राहिला. आधी तो १० डेसिबलने वरचढ होता, आता थेट आवाज १३ डेसिबलने वरचढ आहे. हॉलला हातही न लावता मिळालेला हा फरक आहे. याच्याशी तुलना करायची तर सगळ्या हॉलमध्ये ३० चौरस मीटर जाड कापड टांगून शोषण पंधराएक चौरस मीटरने वाढेल, टी चारवरून तीनवर येईल, आणि घुमाऱ्याची पातळी जेमतेम सव्वा डेसिबलने उतरेल. एवढी मेहनत आणि सव्वा डेसिबल.

म्हणून पहिला खर्च कॉलर माईकचा. वायरचा, सगळ्या दिशांनी ऐकणारा साधा लॅव्हलिअर पुरतो. बोया बीवाय-एम१ सारखा माईक हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो आणि त्याची वायर ६ मीटर लांब असते. दुसरा एखादा जुना मोबाइल रेकॉर्डर म्हणून सरांच्या खिशात किंवा खुर्चीखाली ठेवा, फ्लाइट मोडवर टाकून. चित्रीकरणाचा मोबाइल वेगळा राहू द्या.

या माईकने फसगत होते ती एकाच जागी. त्यावर छोटं बटण असतं. मोबाइलसाठी एक बाजू, कॅमेऱ्यासाठी दुसरी. बाजू चुकली, किंवा हेडफोनचं भोक नसलेल्या मोबाइलला लावलेला कन्व्हर्टर माईक ओळखणारा नसला, की मोबाइल गुपचूप स्वतःच्याच माईकवर रेकॉर्ड करतो. पडद्यावर रेषा हलत राहते, कुणाला शंका येत नाही, आणि तासाभराने घरी गेल्यावर कळतं. रेकॉर्डिंग चालू करून कॉलर माईकच्या जाळीवर नखाने हलकेच खरवडा, मग मोबाइलच्या खालच्या कडेवर खरवडा. ऐकताना पहिली खरखर मोठी आणि दुसरी जवळजवळ नाही, असंच व्हायला हवं.

दुसरी गोष्ट, मोबाइलचं आपोआप आवाज वरखाली करणं बंद करा. सर बोलायचे थांबले की मोबाइलला वाटतं आवाज कमी पडला, आणि तो पातळी वाढवतो. त्या क्षणी हॉलमध्ये फक्त घुमारा शिल्लक असतो, म्हणून वाक्याच्या शेवटी तो लाटेसारखा वर येतो. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये विहिरीचा भास होतो त्यात याचाही वाटा असणार. पातळी हाताने ठेवता येईल असं रेकॉर्डर ॲप घ्या. ओपन कॅमेरा ॲपमध्ये ऑडिओ सोर्सच्या यादीत Unprocessed हा पर्याय आहे, मोबाइल साथ देत असेल तर तो निवडा. फाइल डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ. सर जोरात बोलतील तेव्हा काटा −१२ ते −६ च्या मध्ये राहावा.

काटा खाली दिसला म्हणून सरांना 'जरा मोठ्याने बोला' म्हणू नका. मोठ्याने बोललं की थेट आवाजाबरोबर घुमाराही तेवढाच वाढतो. प्रमाण जिथल्या तिथे. उलट सावकाश बोलणं उपयोगाचं असतं, कारण एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर कमी पडते. आणि हॉलचा माईक, ॲम्प्लिफायर पूर्ण बंद. तिघांसाठी स्पीकर लागत नाही.

माईक कपड्यावर कसा बसतो याकडे पाच मिनिटं द्या. झब्बा किंवा नेहरू शर्ट असेल तर बटणपट्टीवर मध्यभागी, वायरचा एक छोटा वेढा आतल्या बाजूला मेडिकल टेपने चिकटवून, म्हणजे वायरला बसलेला हिसका माईकपर्यंत जात नाही. खळ केलेला कडक झब्बा श्वासागणिक करकरतो, तो टाळा. वक्त्या साडीत असतील तर माईक पदरावर नको, ब्लाउजच्या गळ्याशी लावा, आणि पदर पिनेने पक्का करा. मंगळसूत्र किंवा माळ माईकवर आपटत नाही ना तेही बघा. उपरणं असेल तर रेकॉर्डिंगपुरतं बाजूला.

लांब नळीचा, मुख्यतः समोरचं ऐकणारा शॉटगन माईक कुणी सुचवेल. मोकळ्या मैदानावर ते छान साधन आहे. बंद, घुमणाऱ्या हॉलमध्ये त्याची नळी वरच्या कंपनांपुरतीच दिशा धरते, खालच्या पट्टीतला घुमारा बाजूने आत येतोच, आणि चित्रात दिसू नये म्हणून तो दीड मीटरवर ठेवावा लागतो. वीस सेंटिमीटरवरचा स्वस्त कॉलर माईक इथे त्याला मागे टाकतो.

आता गाद्या आणि चादरी. माईक जवळ आणल्यावर त्यांचं काम बदललं. सगळा हॉल कोरडा करणं हे आता त्यांचं काम नाही. सरांच्या तोंडातून निघालेला आवाज हॉलमध्ये पसरायच्या आधीच जमेल तेवढा गिळायचा, आणि जवळच्या कडक पृष्ठभागांवरून लगेच परत येणारा आवाज अडवायचा, एवढंच त्यांनी करायचं आहे.

सोलापुरात चादरी आणि टॉवेल मागायला लांब जावं लागत नाही, म्हणून मोह होतो की दहा-बारा चादरी भिंतीला खिळ्यांनी ठोकून टाकाव्यात. भिंतीला चिकटवलेलं पातळ कापड जवळजवळ निरुपयोगी असतं. हलका पडदा भिंतीलगत सपाट लावला तर ५०० हर्ट्झच्या आसपास तो दहा टक्केच आवाज शोषतो. भारी पडदा अर्ध्या जागेत चुण्या घालून टांगला तर तिथेच पन्नास टक्क्यांच्या पुढे जातो. कारण सोपं आहे. आवाज म्हणजे हवेची हालचाल, आणि कडक भिंतीला अगदी चिकटून हवा हलतच नाही. ती सगळ्यात जास्त हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. ८५० हर्ट्झसाठी हे अंतर १० सेंटिमीटर, ४३० हर्ट्झसाठी २० सेंटिमीटर. कापड तिथे असेल तर काही पकडेल. म्हणून चादर दोरीवर, भिंतीपासून फूटभर पुढे, दुहेरी आणि चुण्या घालून टांगा. भिंतीला चिकटवलेली चादर फक्त वरची धार खाते, खालची गुणगुण तशीच ठेवते, आणि आवाज घुमणारा होताच, आता मंदही होतो. अंड्यांच्या ट्रेचंही तेच. त्यांचा उपयोग अंड्यांना.

चादरीपेक्षा कापसाची गादी भारी, आणि ती मंगल कार्यालयात असतेच. वऱ्हाडासाठी ठेवलेल्या सहा बाय तीन फुटांच्या, तीन-चार इंच जाडीच्या आठ गाद्या मागून घ्या. मांडववाल्याकडूनही दिवसाच्या भाड्याने मिळतात.

मांडणी अशी करा. सरांना बसवा. बसल्यावर तोंड जमिनीपासून साधारण चार फुटांवर येतं, आणि उभी केलेली गादी सहा फूट उंच, म्हणजे तोंडाच्या वरही दोन फूट आडोसा मिळतो. उभं राहून बोलले तर तोंड गादीच्या वरच्या कडेशी जातं आणि आवाज सरळ छताकडे निसटतो. सरांपासून चार-पाच फुटांवर, कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन गाद्या कमानीसारख्या उभ्या करा, मधे दीड फुटाची फट ठेवून. मोबाइल त्या फटीतून बघेल. गाद्या टेकवायला प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत पुरते, वर सुतळीने बांधा. मधेच एखादी गादी घसरून पडली तर तो टेक गेला. तोंड आवाज मुख्यतः पुढे फेकतं, म्हणून गाद्यांची जास्त गरज सरांच्या समोर आहे, पाठीमागे नाही. हे बहुतेकजण उलटं करतात, कारण पाठीमागचा पडदा चित्रात दिसतो आणि काम केल्यासारखं वाटतं. उरलेल्या दोन गाद्या सरांच्या दोन बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर.

खाली सतरंजी अंथरा आणि सरांच्या समोरच्या भागात तिच्यावर दोन चादरी चौघडी करून टाका. समोर टेबल असेल तर त्याच्याकडे खास लक्ष द्या. टेबलाचा पृष्ठभाग छातीवरच्या माईकपासून हातभरच लांब असतो. तिथून परतलेला आवाज थेट आवाजाच्या मागोमाग एक-दोन मिलिसेकंदांत पोचतो, त्यात मिसळतो, आणि बोलणं डब्यातून आल्यासारखं होतं. हा दोष नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने जात नाही. टेबलावर टर्किश टॉवेल दुहेरी घालून त्यावर शोभेचं कापड टाका. टाचणांचे कागद टॉवेलवर सपाट ठेवले की त्यांची सळसळही दबते.

सगळा सेट हॉलच्या मधोमध नको आणि भिंतींना समांतरही नको. सरांचं तोंड कोपऱ्याच्या दिशेने, तिरकं ठेवा. तुमचा हॉल साठ फूट लांब आहे. सर एका टोकाला बसून सरळ समोरच्या भिंतीकडे बोलले तर तिच्यावरून परत आलेला आवाज शंभर मिलिसेकंदांच्या आसपास उशिरा येईल. पन्नासच्या पुढे गेलं की कानाला तो घुमारा न वाटता वेगळा प्रतिध्वनी वाटायला लागतो. तिरकं बसल्याने तो सरळ परतत नाही. बाजूच्या दोन समांतर भिंतींमध्ये टाळी वाजवली की 'टर्रर्र' असा फडफडाट ऐकू येतो का, तेही बघा. येत असेल तर त्यातल्या एकाच भिंतीसमोर दोरीवर चार-पाच चादरी टांगल्या तरी तो मोडतो. दोन्ही भिंती झाकायची गरज नाही.

हे सगळं झाल्यावर काय मिळतं? ढोबळ हिशेब: गाद्यांनी घुमारा आणखी तीन-चार डेसिबलने उतरतो आणि थेट आवाज १६-१७ डेसिबलने वरचढ होतो. हॉल ऐकू येईल, पण दूर मागे. व्याख्यानाला एवढं शोभतंच. पूर्ण कोरडा आवाज मोठ्या हॉलच्या चित्राबरोबर खोटा वाटतो. हॉल चित्रात दाखवायचाच नसेल तर मात्र एक सोपी वाट आहे. त्याच कार्यालयात गाद्या रचून ठेवलेली कोठीची खोली बघा. सोलापूरभर शोधूनही त्याहून चांगला फुकट स्टुडिओ सापडायचा नाही.

पंख्यांचं काय करायचं हा सोलापुरात खरा प्रश्न आहे. पंखे चालू ठेवून रेकॉर्ड केलं तर त्यांची घरघर वाक्यांमधल्या शांततेत भरते, आणि पुढे घुमारा कमी करणारं कुठलंही साधन त्या शांततेवरच काम करत असतं. उन्हाळ्यात हॉल सकाळी सहा ते नऊ घ्या. पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे करा, मधल्या पाच मिनिटांत पंखे फुल, सरांना पाणी, मग पंखे थांबेपर्यंत वाट बघून पुढचा तुकडा. दीड तासाचं व्याख्यान पाच-सहा तुकड्यांत बसतं. तुकड्यांचा दुसरा फायदा असा की वेगवेगळ्या दोन मोबाइलांची घड्याळं अगदी एका चालीने चालत नाहीत. सलग दीड तासात ओठ आणि आवाज यांच्यात फरक जाणवू शकतो, वीस मिनिटांत सहसा नाही. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी, शेवटी एक टाळी.

पहिल्या तुकड्याआधी चाचणी घ्या, आणि ती नुसतं 'हॅलो, एक, दोन, तीन' म्हणून नको. सरांकडून असं वाक्य म्हणवून घ्या: 'पक्का पत्ता सापडला की लगेच चिठ्ठी टाका.' पक्का, पत्ता, चिठ्ठी यांतलं जोडाक्षर उच्चारताना तोंड क्षणभर पूर्ण बंद असतं, आवाज तुटतो. हेडफोन लावून ऐका. ती तूट स्वच्छ ऐकू आली तर मांडणी बरोबर आहे. तुटीत मागच्या स्वराची शेपटी भरली असेल तर 'पत्ता' हा 'पता' वाटायला लागतो. मग माईक दोन बोटं वर सरकवा, गाद्या फूटभर जवळ घ्या, आणि पुन्हा ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून ठरवू नका, कारण त्या वेळी तुम्ही त्याच घुमणाऱ्या हॉलमध्ये उभे असता आणि दोन्ही घुमारे एकमेकांत मिसळतात.

एडिटिंगला बसलात की सगळ्यात आधी कॅमेऱ्याच्या मोबाइलचा आवाज टाळीवरून जुळवा आणि लगेच म्यूट करा. 'दोन्ही थोडे थोडे ठेवू, भरीव वाटेल' हा विचार इथे घातक आहे. कॅमेरा दोन मीटर मागे असेल तर तिकडचा आवाज सहा मिलिसेकंद उशिरा येतो आणि सोबत सगळा हॉल घेऊन येतो. गाद्या उचलल्याचं सारं काम त्या एका ट्रॅकने वाया जातं.

कॉलर माईकच्या ट्रॅकवर हाय-पास फिल्टर ९० हर्ट्झला लावा, म्हणजे त्याखालची गुरगुर कापली जाते. मग २५० ते ४०० हर्ट्झमध्ये तीनेक डेसिबल कमी करा, कारण अशा हॉलमध्ये खालच्या पट्टीचा घुमारा सर्वात लांब टिकतो. छातीवरच्या माईकला हनुवटीच्या आडोशामुळे वरची धार कमी मिळते, म्हणून ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये दोन-तीन डेसिबल वाढवा. त्यानंतर शेपट्या दाबायला ऑडॅसिटीचं नॉइज गेट, पण अगदी हलक्या हाताने:

```
Gate threshold (dB):   -36
Level reduction (dB):  -8
Attack (ms):           10
Hold (ms):             100
Decay (ms):            250
```

Level reduction मूळ सेटिंगमधलं −२४ ठेवलं तर वाक्य संपताच हॉल कात्रीने कापल्यासारखा बंद होतो आणि पुढच्या शब्दाला अचानक उघडतो. ते घुमाऱ्यापेक्षा जास्त खुपतं. −८ ने शेपटी नुसती मागे सरकते. थ्रेशोल्ड तुमच्या पातळीनुसार दोन-चार इकडेतिकडे होईल. वाक्याच्या शेवटचे हळू उच्चारलेले 'आहे', 'नाही' गिळले जात असतील तर तो खाली न्या. कॉम्प्रेसर लावायचाच तर गेटनंतर, आणि तीन डेसिबलच्या वर दाब नको. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबून बाकी सगळं वर उचलतो, आणि त्या 'बाकी'त घुमाराच असतो. छान रेकॉर्ड झालेला आवाज सर्वात शेवटी 'भारदस्त' करताना पुन्हा घुमायला लागतो, तो यामुळे.

आता जुनी फाइल. नॉइज रिडक्शनने ती बिघडली यात तुमच्या हाताचा दोष नाही. ते साधन शांततेतला नमुना घेऊन सतत सारखा असलेला आवाज वजा करतं: पंखा, ट्यूबलाइटची गुणगुण. घुमारा सतत सारखा नसतो. तो सरांचाच आवाज आहे, उशिरा आलेला, प्रत्येक अक्षराबरोबर बदलणारा. त्याचा नमुना शांततेत सापडत नाही, म्हणून वजाबाकीत बोलण्याचेच लचके निघाले.

घुमाऱ्यासाठी वेगळी साधनं आहेत: आयझोटोप आरएक्समधलं डी-रिव्हर्ब, किंवा ॲडॉबी प्रीमिअरमधलं डी-रिव्हर्ब. ही लांब शेपटी ओळखून दाबतात, आणि थेट आवाज वरचढ असलेल्या रेकॉर्डिंगवर बरं काम करतात. तुमच्या जुन्या फाइलमध्ये तो १० डेसिबलने खाली बुडालेला आहे. जोर वाढवाल तसा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होईल. त्या भाषणातलं एखादं उत्तर, एखादी आठवण सर पुन्हा तशी सांगू शकणार नसतील, तर तेवढीच दोन-तीन मिनिटं काढा, डी-रिव्हर्ब निम्म्याच्या खाली ठेवा, वर सांगितलेली खालची पट्टी कमी करा, आणि चित्राखाली मराठीत शब्द लिहून द्या. डोळ्याला शब्द मिळाला की कान बरंच सोसतो. त्या तुकड्याच्या आधी एक-दोन सेकंद हॉलचं रिकामं चित्र ठेवलं, तर नव्या स्वच्छ आवाजावरून जुन्यावर जाताना धक्काही कमी बसतो.